परत आलेला मिक्सर पुन्हा विकताना: नाक, नोटांचा दिवा आणि चिठ्ठी

प्रश्न: विट्यात आमचं घरगुती उपकरणांचं दुकान आहे, थोडी विक्री ऑनलाइनही होते. ग्राहक चार-आठ दिवसांत वस्तू परत आणतात, त्यात मिक्सर सर्वांत जास्त. वस्तू चालू असते, पण खोकं फुटलेलं असतं. हा माल 'ओपन बॉक्स' म्हणून विकायचा तर तपासायचा कसा, वर्गवारी कशी करायची, किंमत काय लावायची? दुकानाचं नाव खराब होईल याची भीती वाटते.

उत्तर:

माझं सांगलीत मिक्सर, गॅस शेगडी, इंडक्शनचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल आहे. पंखा, इस्त्री, गीझर यांची तपासणी वेगवेगळी असते, त्यामुळे सगळ्यांबद्दल थोडं थोडं सांगण्यापेक्षा मिक्सरबद्दलच नीट सांगतो. परत येण्यात तोच पुढे असतो आणि त्यात अन्न जातं, म्हणून दुकानदाराची चूक त्यातच सर्वांत लवकर उघडी पडते.

आधी माझ्याकडे काय झालं ते सांगतो, कारण आमचे सगळे नियम त्यातून आले. काही वर्षांपूर्वी लग्नसराईत परत आलेला एक मिक्सर मी चालवून पाहिला. ठीक वाटला म्हणून खोक्यात घालून पट्टी मारली आणि माल ठेवायच्या खोलीत कोपऱ्यात ठेवला, बाजूला काढायचा या हिशेबाने. गडबडीत पोराने तो नव्या मालात उचलला आणि तो रुखवतात गेला. सासरी खोकं उघडलं तेव्हा झाकणाचं वायसर पिवळं होतं आणि भांड्याला लसणाचा वास होता. मुलीचे वडील दुकानात आले तेव्हा ते भांडले नाहीत. "आम्ही तुमच्याकडून घेतलं म्हणून सांगितलं होतं सगळ्यांना," एवढंच म्हणाले. मी त्याच दिवशी नवीन मिक्सर घेऊन त्यांच्या पाहुण्यांकडे गेलो, पण त्या घरातून पुन्हा गिऱ्हाईक आलं नाही. मिक्सर चांगला होता, मोटार उत्तम होती. नाव गेलं ते वस्तू खराब होती म्हणून नव्हे, वापरलेली वस्तू नवी म्हणून गेली म्हणून.

म्हणून तपासणीच्याही आधी एक काम करा. परत आलेली वस्तू काउंटरवरून उचलली की ती नव्या मालाच्या खोलीत जाताच कामा नये. तिच्यासाठी वेगळी मांडणी ठेवा, शक्यतो कुलपाची. बिलिंगमध्ये तिचा कोड वेगळा करा. आमच्याकडे नव्या पिसाचा कोड `MX750` असेल तर परत आलेल्याचा `MX750-OB` होतो आणि त्यापुढे सिरीयल नंबर लागतो. नव्या मालाचा कोड टाकला की हा पीस बिलात येतच नाही. पोरांच्या लक्षात राहील यावर विसंबू नका.

आता प्रत्यक्ष एक पीस घेऊ. एप्रिलमधली गोष्ट आहे. तासगावकडच्या एका ताईंनी ७५० वॅटचा तीन भांड्यांचा मिक्सर नवव्या दिवशी परत आणला. तक्रार अशी की "जळका वास येतो आणि मधेच बंद पडतो." नवीन तो आम्ही ३,६०० ला विकला होता.

इथे बहुतेक दुकानदार उलट्या क्रमाने जातात. आधी उलटतपासणी करतात, मग पैशांचं बोलतात. तसं केलं की गिऱ्हाईक सावध होतं आणि "काही केलं नाही, नुसता लावला" असं सांगतं. आम्ही आधी सांगून टाकतो की पैसे परत मिळतील किंवा दुसरा पीस मिळेल, जे ठरलं असेल ते. मग पाणी देतो आणि सहज विचारतो, "काय वाटत होता तेव्हा बंद पडला?" ताई म्हणाल्या, "चटणी. कांडपाला गर्दी होती, म्हणून घरीच थोडी करून बघितली." आपल्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला हे तुम्हाला सांगायला नको. भाजलेलं खोबरं, तळलेला कांदा, लसूण, तिखट, सगळं घट्ट आणि तेलकट. सुक्या भांड्यात ते गळ्यापर्यंत भरलं की मोटारीवर जो भार येतो तो घरगुती मिक्सरला झेपत नाही. ताईंच्या एका वाक्याने अर्धी तपासणी झाली. परतीच्या नोंदीत आम्ही दोन रकाने ठेवतो. एकात गिऱ्हाइकाने सांगितलेलं कारण आणि दुसऱ्यात टेबलावर सापडलेलं कारण. दुसरा रकाना रिकामा असेल तर तो पीस विकायचा नाही. हा आमचा सर्वांत कडक नियम आहे. "आम्हाला तर काही दोष दिसला नाही" म्हणून विकलेला पीसच पुन्हा परत येतो, आणि दुसऱ्यांदा आला की सोबत राग घेऊन येतो.

ताई समोर असतानाच खोक्यावरचा, मिक्सरच्या तळाचा आणि आपल्या बिलावरचा सिरीयल नंबर जुळवला आणि फोटो काढला. हे त्यांच्यावरच्या संशयापोटी नव्हे. कधीकधी घरातला जुना मिक्सर नव्या खोक्यातून येतो, आणि बहुतेक वेळा तो मुद्दाम नसतो, दोन सारखे मिक्सर घरात असतात आणि पोरं घोळ घालतात. समोरच जुळवलं की नंतर बोलाचाली होत नाही. भांड्यांवर नंबर नसतो, म्हणून आम्ही विकतानाच प्रत्येक भांड्याच्या बुडाला, दिसणार नाही अशा जागी, पेनने दुकानाची बारीक खूण करतो.

मग पीस टेबलावर आला. पहिली तपासणी नाकाने, आणि तीही दुसऱ्या दिवशी सकाळी, यंत्र पूर्ण थंड असताना. नव्या मोटारीच्या वायंडिंगवर व्हार्निश असतं. पहिल्या काही वापरात ते तापतं आणि वास येतो, तो कमी होत जातो. हा दोष नाही, बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेतही लिहिलेलं असतं. पण जी मोटार खरंच भाजली आहे तिच्या तळाच्या जाळीतून रात्रभर थांबल्यावरही उग्र, करपट वास येतो. थंड असताना वास असेल तर तो पीस बाजूला काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा. गरम झाल्यावर हलका वास येऊन पुढच्या फेऱ्यांत तो कमी होत असेल तर व्हार्निश. ताईंच्या मिक्सरला थंड असताना वास नव्हता.

"मधेच बंद पडतो" याचं उत्तर तळाशी होतं. बहुतेक मिक्सरच्या बुडाला ओव्हरलोडचं एक लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते उडतं आणि वीज तोडतं. काही मिनिटं थंड होऊ द्यायचं, भांड्यातला माल कमी करायचा, बटण दाबायचं, की मिक्सर पुन्हा चालू होतो. ताईंना हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे आम्हीच सांगितलं नव्हतं. बटण उडणं म्हणजे यंत्राने आपलं काम केलं. पण ते किती वेळा उडालं आणि दरम्यान मोटार किती तापली हे बटण सांगत नाही, म्हणून भार देऊन चालवणं आलंच.

रिकामं भांडं लावून फिरवलेला मिक्सर काहीही सिद्ध करत नाही. बिघडलेलाही रिकामा फिरतो. आम्ही रात्री हरभऱ्याची डाळ भिजत घालतो, आणि दोन मूठ डाळ अर्धा पेला पाण्यासोबत वाटतो. एक खबरदारी घ्या. चाचणीसाठी गिऱ्हाइकाच्या पिसातली भांडी वापरू नका. त्याच मॉडेलचं दुकानाचं एक चाचणीचं भांडं ठेवा. नाहीतर जे भांडं कोरं होतं ते तुम्हीच वापरलेलं करून ठेवाल. वेग एक, दोन, तीन आणि उलट्या बाजूचा झटका, सगळं तपासायचं. एका दमात पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, मग दोन मिनिटं विश्रांती, अशा तीन फेऱ्या. सॉकेटमध्ये लावायचं छोटं वॅटमीटर मिळतं, त्यावर आकडा बघा आणि त्याच मॉडेलच्या चांगल्या पिसाच्या आकड्याशी ताडून पाहा. त्यासाठी दुकानातल्या डेमोच्या पिसाचे आकडे एकदाच त्याच डाळीवर घेऊन भिंतीला चिकटवून ठेवलेत तरी पुरे. आकडा ठळकपणे वर असेल तर आत काहीतरी घासतंय किंवा वायंडिंग दुखावलं आहे.

चालू असताना खोलीतला दिवा मालवून जाळीतून आत बघा. कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसतात, त्या चालतात. पिवळी-तांबडी, मोठी, गोल फिरणारी ठिणगी दिसली तर कार्बन किंवा कम्यूटेटर खराब आहे. मग तो पीस आपल्या टेबलाचा राहिला नाही.

फेऱ्या संपल्या की प्लग काढून मेगर, म्हणजे यंत्राच्या अंगावर वीज गळते का ते तपासायचं मीटर लावा, ५०० व्होल्टचा. इथे एक चूक हमखास होते. मिक्सरचं बटण बंद ठेवून मेगर लावला तर फक्त वायर तपासली जाते, मोटार नाही. बटण चालू स्थितीत ठेवा, प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिना एकत्र जोडा, दुसरं टोक अर्थच्या पिनेला लावा. अर्थ नसलेला मॉडेल असेल तर बाहेर दिसणाऱ्या धातूला लावा. अर्थवाल्या यंत्रात १ मेगओहमच्या आणि अर्थ नसलेल्यात २ मेगओहमच्या खाली आकडा असेल तर ते यंत्र कोणाच्याही स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. खरं तर नवं, कोरडं यंत्र याच्या कितीतरी वर दाखवतं, म्हणून जेमतेम पास झालेल्या पिसाकडेही मी संशयानेच बघतो.

सांगलीत मेगरला आणखी एक अर्थ आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर बाजारात धुऊन-पुसून आलेला बराच माल फिरला. आजही 'ओपन बॉक्स' म्हटलं की निम्मी गिऱ्हाइकं पहिला प्रश्न विचारतात, "पुरातलं नाही ना?" हा प्रश्न त्यांचा हक्क आहे. पाण्यात बसलेलं यंत्र कितीही चांगलं चालत असलं तरी ओपन बॉक्स नाही. ओळखायचं कसं, तर तळाची झाकणी उघडा. स्क्रूच्या डोक्यावर गंज, प्लॅस्टिकच्या कोपऱ्यांत गाळाची बारीक रेघ, आणि वायरींवर पांढुरकी पूड. यातलं एकही दिसलं तर तो पीस बाद.

आता भांडी. माझ्या मते नाव जातं ते मोटारीमुळे कमी आणि भांड्यांमुळे जास्त, म्हणून इथे वेळ द्या. भांड्यात अन्न गेलं होतं का हे शोधायला आपल्या काउंटरवरच हत्यार आहे, नोटा तपासायचा जांभळा दिवा. हळदीतला रंग त्या उजेडात पिवळा-हिरवा चमकतो. झाकणाचं वायसर काढून त्याची खाच, पात्याच्या खालची बुश आणि भांड्याच्या काठाची दुमड, या तीन जागा अंधारात बघा. हळदीचं भांडं कितीही घासलं तरी खाचेत कण राहतो. कधीकधी निळसर चमक दिसते. भांडं कपड्याच्या पावडरने धुतलेलं असेल तर तसं होऊ शकतं, पण काही पांढरं रबर मुळातच निळं चमकतं, म्हणून शेजारी नवं वायसर ठेवूनच निर्णय करा. पारदर्शक झाकणाचा पिवळेपणा उन्हात ठेवला की उडतो, हे आपल्या बायकांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. म्हणून झाकण स्वच्छ दिसतंय एवढ्यावर जाऊ नका. आडवं धरून ओरखडे बघा.

ताईंच्या मिक्सरचं सुकं भांडं दिव्याखाली उजळलं. बाकी दोन्ही भांडी पिशवीतच होती, पिशवीची पट्टी कंपनीची, आमच्या खुणा जागेवर. त्यांच्याबद्दल शंका नव्हती.

आमचा नियम असा की ज्या भांड्यात अन्न गेलं ते भांडं विकायचं नाही. धुऊन नाही, उकळून नाही. सांगली-मिरजेत जैन आणि लिंगायत घरं भरपूर आहेत, कांदा-लसूण न खाणारी आहेत, मांसाहार न शिवणारी आहेत. भांड्यात आधी काय वाटलं गेलं याची खात्री मी देऊ शकत नाही, मग ते भांडं मी त्यांच्या ओट्यावर ठेवू शकत नाही. आणि जे घर सगळं खातं त्यालाही दुसऱ्याचं उष्टं भांडं का द्यायचं? सर्व्हिस सेंटरमधून भांडं, झाकण आणि वायसर असा नवा सेट आणायचा. त्याची पावती त्या पिसाच्या फायलीत लावायची, गिऱ्हाइकाने विचारलं तर दाखवता येते.

कोऱ्या दिसणाऱ्या भांड्यांचीही एक तपासणी राहते. अर्धं पाणी भरून वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवा. कागद ओला झाला तर बुडातली बुश गळते. ते पाणी भांडं आणि मोटार जोडणाऱ्या कपलरवरून थेट मोटारीत जातं, म्हणून तेही भांडं बाद. भांडं उचलून पातं बोटाने नव्हे, खालच्या कपलरने फिरवून पाहा. ते सहज फिरलं पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. यंत्राच्या कपलरचे दात झिजलेले असतील तर तो बदला. आम्ही ताईंच्या पिसाचा बदलला, कारण भाराखाली दोन दातांच्या कडा गोल झाल्या होत्या.

वर्गवारी आम्ही फक्त दोन ठेवतो. ए, बी, सी असं लिहीत नाही, कारण 'ए ग्रेड' वाचून गिऱ्हाइकाला तो माल नव्याहून सरस वाटतो. पहिला वर्ग 'खोकं उघडलेला': अन्न कुठेच गेलेलं नाही, सगळे भाग कोरे, फक्त सील तुटलं आहे, रंग आवडला नाही किंवा घरात दुसरा आला म्हणून परत. दुसरा 'वापरलेला, तपासलेला': थोडा वापर झाला आहे, अन्न लागलेले भाग नवे बसवले आहेत, परतीचं कारण सापडलं आहे. पिसाचा वर्ग त्याच्या सर्वांत वाईट भागावरून ठरतो. सगळं कोरं आणि एकच भांडं वापरलेलं असेल तरी तो दुसऱ्याच वर्गात जातो. याखालचं काहीही विक्रीला नाही. मोटार उघडून दुरुस्त केलेला पीस आम्ही यात घेत नाही, कारण पुढे त्याची जबाबदारी कंपनी घेत नाही आणि ती मी घ्यावी एवढी माझ्याकडे माणसं नाहीत.

ताईंचा पीस दुसऱ्या वर्गात बसला. हिशोब असा, सगळे आकडे जीएसटीसकट आणि ढोबळ. आमची खरेदी ३,०५०. नव्या सुक्या भांड्याचा सेट ५५०, कपलर ६०, टेबलावरच्या माणसाचा वेळ १००. म्हणजे पीस ३,७६० ला पडला आणि विकला २,८५० ला. ९१० रुपये गेले. हा तोटा लपवायला जागा नाही आणि तो नाकारूही नये. वितरक परत घेईल का? आमचा वितरक फक्त सर्व्हिस सेंटरच्या दोषाच्या शेऱ्यावर घेतो, आणि इथे दोष नव्हताच. पहिल्या वर्गाला आम्ही नव्या किमतीच्या दहा टक्के कमी लावतो, दुसऱ्याला वीस ते पंचवीस. पाच टक्के कमी ठेवून चालत नाही. गिऱ्हाईक मनात म्हणतं, एवढ्यासाठी उघडलेलं कशाला घेऊ. आणि चाळीस टक्के कमी केलं तर म्हणतं, यात नक्की काहीतरी आहे. तोट्याची तरतूद आम्ही नव्या मालाच्या नफ्यातूनच वर्षभर बाजूला काढतो.

वॉरंटीचं आधी कंपनीला विचारून लेखी घ्या. साधारणपणे ती पहिल्या बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, आणि पहिल्या गिऱ्हाइकाने नंबर नोंदवला असेल तर नाव बदलून घ्यावं लागतं. जेवढे महिने उरले तेवढेच लिहायचे. त्याशिवाय आम्ही दुकानाचे सात दिवस देतो: आवडला नाही तर आणून द्या, कारण सांगायची गरज नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, कलम २(४७) मध्ये, वापरलेली किंवा जुनी वस्तू नवी म्हणून भासवणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. म्हणून बिलावर वर्ग लिहिलेला असणं हा तुमचाही बचाव आहे. छापील किंमत खोडू नका. कमी किमतीची चिठ्ठी लावायची तर मूळ छापील किंमत झाकली जाणार नाही अशी लावा. जीएसटीत जुन्या मालासाठी फक्त नफ्यावर कर भरण्याची जी सोय आहे ती इथे बसत नाही, कारण खरेदीचं क्रेडिट तुम्ही घेतलेलं असतं. परत घेताना क्रेडिट नोट काढा आणि नव्या विक्रीला प्रत्यक्ष किमतीवर पूर्ण कर लावा. बाकी तुमच्या सीएंना विचारा.

आता विकायचं कसं. आमच्याकडे या मालाच्या मांडणीवर मराठीत पाटी आहे, आणि प्रत्येक पिसाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असते. ताईंच्या पिसाची चिठ्ठी अशी होती:

"वापरलेला, तपासलेला. नऊ दिवस एका घरात होता. सुक्या भांड्यात मसाला जास्त भरल्यामुळे ओव्हरलोडचं बटण उडालं म्हणून परत आला. सुकं भांडं, झाकण, वायसर आणि कपलर नवे. बाकी दोन भांडी कोरी. मागच्या बाजूला बोटभर ओरखडा. पाण्यात गेलेला नाही. कंपनीची वॉरंटी पहिल्या बिलापासून."

'परत आला' हे शब्द लिहायला सुरुवातीला माझा भाऊच तयार नव्हता. गिऱ्हाईक पळून जाईल म्हणायचा. अनुभव उलटा आला. का परत आला हे लिहिलेलं असलं की माणूस निर्धास्त होतो. न लिहिलेलं असलं की तो स्वतःच काहीतरी वाईट कल्पना करतो. ओरखड्यावर चिठ्ठीतच बाण काढा, म्हणजे घरी गेल्यावर तो सापडला असं होत नाही. ऑनलाइन टाकताना कंपनीचा चकचकीत फोटो वापरू नका, त्याच पिसाचे फोटो टाका, ओरखड्याचा जवळून. आणि नव्या मालाच्या पानाखाली हा पीस कधीच लावू नका.

विकण्याआधी एक प्रश्न ठरलेला आहे: "घरासाठी घेताय की द्यायला?" द्यायला असेल, आहेर असेल, रुखवत असेल, तर आम्ही हा माल विकत नाही. गिऱ्हाईक स्वतः चालेल म्हणालं तरी नाही, कारण खोकं उघडणारा माणूस वेगळा असतो आणि चिठ्ठी तोपर्यंत निघालेली असते. मेससाठी किंवा डब्यांच्या धंद्यासाठी असेल तर घरगुती मिक्सरची वॉरंटी तिथे चालत नाही हे तोंडावर सांगतो. घरासाठी असेल तर समोर लावून दाखवतो, चिठ्ठी वाचून दाखवतो आणि चिठ्ठीच्या दुसऱ्या प्रतीवर सही घेतो.

जे पीस बाद झाले त्यांचंही बघा. वायर मुळापासून कापा, सिरीयल नंबरची पट्टी काढा, आणि मगच नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे द्या. भंगारात अख्खा गेलेला मिक्सर पुढच्या बाजारात वायर बदलून बसलेला मी पाहिला आहे, तुमच्या दुकानाचं स्टिकर अजून त्यावर असतं.

ताईंचा मिक्सर मिरजेच्या एका शिक्षक जोडप्याने घेतला. चिठ्ठी वाचून बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हे लाल बटण कुठं असतं?" आम्ही मिक्सर उलटा करून दाखवला. तेव्हापासून नवा मिक्सर विकतानाही तो काउंटरवर उलटा करून बटण दाखवतो, सुकं भांडं किती भरायचं ते बोटाने खूण करून सांगतो, आणि एप्रिल-मे असेल तर "चटणी मात्र कांडपालाच न्या" हेही सांगतो. नोंदवहीच्या दुसऱ्या रकान्यात 'बटण उडालं' हा शेरा आता क्वचितच पडतो.